उन्हातला फोटो

आमच्या दुकानातल्या उत्तरेश्वरला फोटो काढायची हौस देवाने पन्नाशीनंतर दिली, आणि दिली ती जरा सढळ हातानेच दिली. तोवर माणूस बरा होता.

मी प्रियदर्शनी. दुकान माझ्या नवऱ्याचं, अवधूतचं. शनिवार पेठेत बी-बियाणं, खतं आणि औषधं विकतो आम्ही. शनिवार पेठेत शेतकरी कुठून येतो, असं विचारणारे शहाणे मला आठवड्याला एक तरी भेटतात. अहो, पुलापलीकडे कोर्ट आहे, अलीकडे दवाखाने आहेत, आणि हवेली-पुरंदरच्या माणसाला दोन्हीकडे यावंच लागतं. तारीख पुढे ढकलली गेली की तो आमच्याकडे येतो आणि बाजरीची पिशवी घेऊन घरी जातो. अवधूत शेतकी पदवीधर आहे, परवाना त्याच्या नावावर आहे, आणि माणसांशी बोलायचा कंटाळाही त्याच्याच नावावर आहे. त्यामुळे गल्ला मी सांभाळते आणि बोलायचं काम वीस-बावीस वर्षं उत्तरेश्वर करतो.

तो मूळचा धाराशिवकडचा. पुण्यात आला तो आमच्याकडे पोती उतरवायला. पण तोंड मिटून पोतं उचलणं त्याला कधी जमलंच नाही. पाठीवर पन्नास किलोचं पोतं आणि गिऱ्हाइकाला विचारतोय, "पाहुणे, वाफसा आलाय का, चिखल ओसरला का? नाही ना? मग कशाला घाई?" शेवटी माझे सासरेच म्हणाले, ह्याला आत घ्या, बाहेर ट्रॅफिक तुंबतंय. तेव्हापासून तो आत आहे. कसब्यात दोन खोल्यांत राहतो, सकाळी गणपतीला हात जोडून चालत दुकानात येतो, आणि आल्याआल्या मला सांगतो की काल कुणाच्या शेतात काय उगवलं. जणू माझीच दहा एकर पडून आहेत.

पूर्वी हंगाम लागला की दाराबाहेर फळा टांगायचो. त्यावर उत्तरेश्वर खडूने लिहायचा: कोणतं बियाणं आलं, कोणतं खत संपलं, काय करावं, काय करू नये. अक्षर सुरेख. लोक थांबून वाचायचे. मग फोन आले आणि फळ्याची जागा स्टेटसने घेतली. शेतकऱ्यांचा एक ग्रुपही झाला. त्यावर रोज सकाळी उत्तरेश्वरचं कॅप्शन. त्याची सुरुवात नेहमी "राम राम मंडळी", आणि शेवट नेहमी "अडलं तर फोन करा, लाजू नका". फोन खरंच यायचे. भर जेवणात यायचे. तो हात न धुता बोलायचा आणि फोन पिठल्याने माखायचा.

ह्या वर्षी खरिपाच्या तोंडावर त्याने जे कॅप्शन लिहिलं, ते मी इथे सगळं देते. कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं, आणि त्यात एक शब्द चुकीचा नाही.

"राम राम मंडळी. खरिपाचा माल आला आहे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, बाजरी यांचं बियाणं शिल्लक. डीएपी, सुपर फॉस्फेट, पोटॅश शिल्लक. जिवाणू खत ताजं आलं आहे. एका सरीवर भुलू नका. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्यावरच पेरा. सोयाबीन घरचं असेल तर आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. सत्तरच्या वर उगवले तर निर्धास्त पेरा. बियाण्याला आधी बुरशीनाशक, जिवाणू खत सगळ्यात शेवटी. पाणी अगदी बेताचं. हात हलका ठेवा, सोयाबीनचं साल नाजूक असतं. लावून झाल्यावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. खोली तीन ते पाच सेंटिमीटर. खत बियाण्याला चिकटू देऊ नका, बाजूला आणि खाली पडलं पाहिजे. पावती, रिकामी पिशवी आणि मूठभर बी काढणीपर्यंत जपून ठेवा. अडलं तर फोन करा, लाजू नका."

अवधूतने वाचलं, मान हलवली. अवधूतने मान हलवणं म्हणजे इतरांचं भाषण.

आता फोटो. उत्तरेश्वरची मुलगी श्रद्धा आयटीत आहे, कोथरूडला राहते. ती आदल्या रविवारी म्हणाली होती, "बाबा, तुमची कॅप्शन्स मस्त असतात, पण फोटो किती डार्क! कोण बघणार?" झालं. ते त्याच्या मनाला लागलं. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या तर ह्याला काही वाटलं नाही, पण फोटो डार्क म्हटल्यावर दोन दिवस चहा गोड लागेना.

दुकानाच्या वर आमची गच्ची आहे. तिथे पाण्याच्या टाकीखाली चांगली सावली असते. उत्तरेश्वरने ताडपत्री तिथेच अंथरली, सोयाबीनला बुरशीनाशक लावलं, जिवाणू खत लावलं, दाणे पसरले आणि फोटो काढला. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. त्याने फोटो बघितला, तोंड वाकडं केलं. दाणे राखाडी दिसत होते, ताडपत्री काळी. मग त्याने चारी कोपरे धरून ताडपत्री ओढत बाहेर आणली, भर उन्हात. काय सांगू तुम्हाला! दाणे सोन्यासारखे झळकायला लागले, निळी ताडपत्री चमकली, मध्ये त्याचा पसरलेला हात.

"उत्तरेश्वर, उन्हात का आणलंत?" मी विचारलं.

"फोटोपुरतं ओ, वहिनी. लगेच आत घेतो."

आणि त्याने घेतलंही. पण फोटो काढून झाला होता.

तो फोटो असा चालला की विचारू नका. दीडशे जणांनी अंगठे दाखवले. लोकांनी आपापल्या गावच्या ग्रुपवर टाकला. उत्तरेश्वर दिवसभर पाऊस पडल्यासारखा खूश. येईल त्याला विचारायचा, "बघितला का?" पूर्वी विचारायचा, "वाचलं का?" हा फरक तेव्हा माझ्याही लक्षात आला नाही. आणि फोटोखाली कॅप्शनच्या पहिल्या दोन-तीन ओळी दिसत होत्या, बाकीचं दिसायला "अधिक वाचा"वर बोट ठेवावं लागत होतं. सावली तिथे आत होती. ऊन बाहेर.

जुलै लागल्यावर एके दिवशी मुक्ताई दुकानात आल्या. दिवे घाट चढून गेल्यावर वाघदरवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या. खात्यापित्या घरच्या, बारा-पंधरा वर्षं आमच्याकडे येणाऱ्या. त्यांच्या घरात बियाणं बाई सांभाळते. कोणतं राखायचं, कधी ऊन द्यायचं, कशात भरायचं, सगळं तीच बघते. सासू गेल्यापासून ते मुक्ताईंकडे आलं होतं, आणि त्यांना त्याचा केवढा अभिमान! दरवर्षी मला त्यातलं थोडं वाटाण्याचं बी आणून द्यायच्या, मी कुंडीत लावायची आणि मारून टाकायची.

त्या दिवशी त्यांनी पिशवीतून रुमाल काढला आणि काउंटरवर सोडला. आत मातीने भरलेले सोयाबीनचे दाणे. साल सुटलेलं, काही फुगून कुजलेले.

"भाऊ, सोयाबीन निम्मंच उगावलं," त्या उत्तरेश्वरला म्हणाल्या. "म्हंजी हितं चार रोपं, तितं वाव मोकळा. उकरून बगितलं तर आसं."

दुकानात चांगली गर्दी होती. उत्तरेश्वरने एकेक दाणा बोटात धरून बघितला आणि रीतीप्रमाणे विचारायला लागला. बियाणं कुठलं? घरचंच. उगवण तपासली होती का? हो, गोणपाटात, छान आली होती. पाऊस? भरपूर. वाफशावर पेरलं? हो. खोली? बेताची. खत? पेरायच्या पाभरीच्या वेगळ्या नळ्यातून. बुरशीनाशक, जिवाणू खत? दोन्ही, तुमच्याकडचंच, तुम्ही देताना सांगितलं त्या क्रमाने. पाणी जरा जास्त झालं असेल, पण फार नाही.

"आणि सुकवलं कुठं?"

"आंगणात की. उन्हात," मुक्ताई म्हणाल्या. "तुमच्या फोटूत हाय तसंच. सकाळपासनं दुपारपत्तूर. ताडपत्री सुदीक निळीच घेतली म्या."

उत्तरेश्वरचा हात तसाच राहिला. मी गल्ल्यावरून त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा उतरला हे मला दिसलं, पण मला वाटलं, माणसाला वाईट वाटलंय. गिऱ्हाइकाचं पीक गेलं की त्याला वाटतंच.

मुक्ताई पुढे म्हणाल्या, "तकरार न्हाई करत, भाऊ. माझं कुटं चुकलं तेवडं सांगा. मामंजी म्हणत्यात, हिच्या हातातच खोट हाय. तपासलं तवा बी चांगलं हुतं, हिचा हात लागला आन् बिघाडलं. आता समद्यांम्होरं म्हणत्यात, बी-बियाणं धाकल्या सुनंकडं द्यायचं. माझं काय चुकलं ते कळलं तर बोलता तरी यील मला."

सगळं दुकान ऐकत होतं. उत्तरेश्वरने दाणे परत रुमालात बांधले आणि म्हणाला, "ताई, बघतो. चौकशी करतो. तुम्ही तूट भरून घ्या आत्ता, वेळ आहे अजून. मोकळ्या जागी हाताने परत टोकण करा." मग त्याने बियाण्याची पिशवी काढून दिली आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. मुक्ताईंनी ते ऐकलं नाही. पैसे ठेवले, "येते" म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर चार दिवस उत्तरेश्वर मुका झाला. आमच्या दुकानात तो मुका म्हणजे देवळात घंटा नाही. सकाळचं कॅप्शन नाही. "राम राम मंडळी" नाही. ग्रुपवर कुणी तरी विचारलं, उत्तरेश्वरभाऊ आजारी आहेत का? त्यावरही उत्तर नाही. डबा उघडायचा, झाकण परत लावायचा. मी दोनदा विचारलं, काय झालं, तर म्हणे पित्त झालंय. पित्ताला कोणी एवढं मनावर घेतं का?

पाचव्या दिवशी दुपारी दुकान रिकामं होतं. तो माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, मुक्ताईताईंचं बियाणं मी मारलं."

"तुम्ही? कसं?"

त्याने सांगितलं. ओलं केलेलं सोयाबीन तासन्तास उन्हात तापलं की त्याचं साल सुरकुततं, तडकतं, आणि उगवण घसरते. वर लावलेले जिवाणू उन्हात मरतात ते वेगळंच. "मला लहानपणापासून माहीत आहे ओ हे! माझ्या आईने सोयाबीनला हात लावण्याआधी सावली शोधली असती. मी लिहिलं सावलीत आणि दाखवलं उन्हात. कशासाठी? झळकावं म्हणून!" आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. नाटकातला नव्हे, चांगला आवाज आला.

मी तापट बाई आहे, हे पेठेत कुणालाही विचारा. पहिलं माझ्या तोंडात आलं ते, "मग चार दिवस काय अंडी उबवत होतात?" आणि मी ते बोललेही. त्याने मान खाली घातली.

"त्या उभ्या होत्या तेव्हाच कळलं होतं मला. पण दुकान भरलं होतं. सगळे ऐकत होते. वाटलं, दुकानाचं नाव जाईल. आता खोटं का बोलू, वहिनी, दुकानाचं नाही. माझंच."

अवधूत मागच्या खोलीतून सगळं ऐकत होता. बाहेर येऊन त्याने एक वाक्य टाकलं: "फोटो काढून टाक आणि विषय वाढवू नकोस." म्हणजे स्टेटसवरचा तर केव्हाच गेलेला, ग्रुपवरचाही पुसावा आणि गप्प बसावं. कंपनीचे लोक, तपासणीला येणारे अधिकारी, शेजारचे दुकानदार, सगळ्यांची भीती त्या एका वाक्यात होती. मी म्हटलं, "अवधूत, तो फोटो अजून पन्नास ठिकाणी फिरतोय. आपल्याकडून पुसला की त्यांच्याकडून पुसला जातो का? ज्यांची पेरणी राहिलीय ती माणसं उद्या अंगणात ताडपत्र्या अंथरतील." त्याने नेहमीसारखी मान हलवली. ह्या वेळी ती होकारार्थी आहे असं मीच ठरवलं.

उत्तरेश्वरने तिथेच बसून लिहिलं. चार वेळा खोडलं. शेवटी गेलं ते असं:

"राम राम मंडळी. मागे मी सोयाबीन सुकवायचा जो फोटो टाकला तो चुकीचा आहे. चूक माझी, उत्तरेश्वरची. फोटो चांगला यावा म्हणून मी बियाणं उन्हात ओढलं. तुम्ही तसं करू नका. सावलीतच सुकवा. ज्यांनी उन्हात सुकवलं असेल त्यांनी उगवण बघा, आणि कमी असेल तर मला फोन करा. घरातल्या माणसाला बोल लावू नका. फोटो पुढे पाठवला असेल तर हेही पाठवा."

ह्या कॅप्शनला फोटो नव्हता. अंगठेही फारसे आले नाहीत. पुढे पाठवलं किती जणांनी, देव जाणे. चांगला फोटो पळतो आणि माफी लंगडते. तीन फोन मात्र आले. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी पेरणार होतो, वाचलो, म्हणून सांगितलं. बाकी दोघांनी जे सांगितलं ते उत्तरेश्वरने मला सांगितलं नाही.

"झालं का समाधान?" मी विचारलं.

"वाघदरवाडीला जायला पाहिजे," तो म्हणाला.

त्याला एकट्याला पाठवलं असतं तर घाटात चहा पीत बसून राहिला असता, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच गाडी काढली. सासवड रस्त्याने जाताना तो काय बोलायचं त्याची उजळणी करत होता. मी म्हटलं, कॅप्शन लिहीत नाही आहात तुम्ही, सरळ बोला.

मुक्ताईंचे सासरे, दत्तोबा, पडवीत खाटेवर बसले होते. काटक म्हातारे, आवाज खणखणीत. मुक्ताई पाणी घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. धाकटी जाऊ आत भांडी घासत होती आणि भांड्यांचा आवाज येत नव्हता, म्हणजे कान इकडे होते.

उत्तरेश्वर बसलाही नाही. उभ्यानेच म्हणाला, "आबा, तुमचं बियाणं सूनबाईंच्या हाताने बिघडलं नाही. माझ्या फोटोने बिघडलं. मी फोटो उन्हात काढला. त्यांनी जसं दिसलं तसं केलं."

दत्तोबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग दाराकडे. आणि हसले.

"उत्तरेश्वर, बस. च्या घे. बायामाणसाला वाचवाय एवडा घाट चढून आलास, लई मोठं मन हाय तुजं. पर मला शिकवू नगंस. आमी बारा-पंद्रा वर्सं तुझ्याकडनं बी-औशद नेतोय. तू कदी चुकीचं सांगितलं का? न्हाई. मग आताच बरं चुकशील?"

"चुकलो, आबा. खरंच चुकलो."

"फोटू बरुबरच आसंल. हिनंच कायतरी येडंवाकडं केलं आसंल."

मला हसू येत होतं आणि रडूही. बावीस वर्षं ह्या माणसाने एकेक शब्द खरा सांगून नाव कमावलं, आणि आज ते नाव त्याला खरं बोलू देत नव्हतं. दाराशी मुक्ताई खाली बघत होत्या. उत्तरेश्वर घामाघूम झाला होता. फोन काढून त्याने चुकीचा फोटो दाखवला, माफीचं कॅप्शन दाखवलं. दत्तोबा म्हणाले, चष्मा न्हाई.

मग उत्तरेश्वर म्हणाला, "आबा, काही न लावलेलं कोरं बियाणं राहिलंय का थोडं?"

"हाय की. कोठीत हाय."

"तर मग माझंही ऐकू नका आणि ह्यांचंही ऐकू नका. बियाण्यालाच विचारू."

त्या दिवशी उघडीप होती, ऊन चटचटत होतं. मुक्ताईंनी कोठीतून बी आणलं. उत्तरेश्वर म्हणाला, हात त्यांचेच लागू देत, मी शिवणार नाही. मुक्ताईंनी पेरणीच्या दिवशी केलं तसंच केलं: तेवढंच पाणी, आधी बुरशीनाशक, मग जिवाणू खत. मग एकाच घमेल्यातल्या बियाण्याचे दोन वाटे केले. एक गोठ्याच्या सावलीत पसरला, दुसरा अंगणात, त्याच निळ्या ताडपत्रीवर. दत्तोबा "कायतरी खूळ" म्हणत होते, पण खाट त्यांनी दोन्ही वाटे दिसतील अशी ओढून घेतली होती. दुपार कलल्यावर प्रत्येक वाट्यातले शंभर-शंभर दाणे मोजून दोन वेगळ्या ओल्या गोणपाटांत गुंडाळले. सावलीच्या गुंडाळीला साधी सुतळी, उन्हाच्या गुंडाळीला लाल चिंधी. रोज पाणी शिंपडायचं काम दत्तोबांनी स्वतःकडे घेतलं. सुनेवर विश्वास नव्हता ना.

चौथ्या-पाचव्या दिवशी उघडायचं ठरलं. ते दिवस उत्तरेश्वरने कसे काढले ते मी बघितलं आहे. दुकानात कुणी सोयाबीनची पिशवी मागितली तरी तो आधी म्हणायचा, "सावलीत हं." मग परत म्हणायचा. गिऱ्हाईक रस्त्यावर गेलं की मागून हाक मारून तिसऱ्यांदा सांगायचा. एका पाहुण्याने तर वैतागून सांगितलं, "अहो, मी तुरीचं बी घेतलंय." मला एकदा म्हणाला, "वहिनी, दोन्हीकडे सारखंच उगवलं तर?" मी म्हटलं, तर तुम्ही सुटलात. तो म्हणाला, "मी सुटलो तर त्या अडकल्या."

आम्ही पोचलो तेव्हा दत्तोबा वाटच बघत होते. पडवीत चटई टाकलेली, चष्मा डोळ्यावर. घरची सगळी जमली होती, आणि शेजारचीही दोन-तीन माणसं. गावात करमणूक कमी असते. आधी सुतळीची गुंडाळी त्यांनी सोडली. गोणपाट उलगडलं तसे पांढरे कोंब दिसले, ओळीने, एकमेकांत गुंतलेले. क्वचित एखादा दाणा तसाच. "ह्यो सावलीचा," दत्तोबा म्हणाले. मग लाल चिंधी सोडली. त्यात कोंब होते, पण मध्ये मध्ये फुगून चिकट झालेले दाणे, साल निसटलेलं, बुरशीचा वास. दत्तोबांनी बोटाने एकेक बाजूला केला. कुजका इकडे, उगवलेला तिकडे. दोन्ही ढीग जवळजवळ सारखे झाले.

त्यांनी दोन्ही ढीग पुन्हा एकदा मोजले. शेजारचा माणूस बोलायला लागला तर त्याला हाताने गप्प केलं.

मग म्हणाले, "हात येकच. पानी येकच. बी येकच." आणि सुनेकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बियान्याचं हिच्याकडंच ऱ्हाईल. म्या बोललो ते चुकलं."

त्या वयाच्या माणसाने, भरल्या पडवीत, सुनेला. मी मनात म्हटलं, म्हातारबा, तुम्हाला माझा नमस्कार.

उत्तरेश्वरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. तो वाकून दत्तोबांच्या पाया पडायला गेला तर त्यांनी खांदा धरून उठवलं. "माल तुझ्याकडनंच नेऊ," ते म्हणाले. "पर काय कसं करायचं, ते आता हिला इचारीन. तुझ्यावर इस्वास टाकून म्या घरातल्या मानसाला पंद्रा दिस खोटं पाडलं."

"बरोबर आहे, आबा," उत्तरेश्वर म्हणाला. खरं सांगते, त्याला ते लागलं, पण त्याला ते हवंही होतं. शिक्षा मिळाली की माणसाला जरा मोकळं वाटतं.

आम्ही निघालो. मुक्ताई गाडीपर्यंत सोडायला आल्या. मला वाटलं, आता ही बाई आभार मानणार, आणि हा गाडीत बसून रडणार, आणि मला पुण्यापर्यंत समजूत काढावी लागणार. उत्तरेश्वरने हात जोडले. "ताई, फोटोची माफी करा."

"फोटूचं काय न्हाई, भाऊ," मुक्ताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "चुकतं मानसाचं. माजंबी चुकलं, खालचं वाचलं न्हाई म्या. पर येक इचारू? मी त्या दिवशी दुकानात उबी ऱ्हाऊन इचारलं, माजं काय चुकलं. तवा तुमाला कळलं हुतं न्हवं?"

उत्तरेश्वर माझ्याकडे बघायला लागला. मी रस्त्याकडे बघितलं. ह्यात मी त्याला काय मदत करणार?

"कळलं होतं," तो म्हणाला.

"मंग तवाच सांगायचं हुतं," मुक्ताई म्हणाल्या. "मी पार स्वारगेटापासनं गावापत्तूर सोताच्या हाताकडं बगत आले."

एवढं बोलून त्या मागे वळल्या आणि घरात गेल्या. उत्तरेश्वर गाडीत बसला. मी गाडी सुरू केली. घाट उतरेपर्यंत तो मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होता, आणि मी, जिच्या तोंडाला पेठेत कुणी लागत नाही ती, त्याला तसंच बघू देत गाडी चालवत राहिले.